तालमीतल्या अंधुक उजेडात पैलवानांचे फोटो: मोबाइलचा ‘प्रो’ मोड कसा लावायचा

सांगली जिल्ह्यात कुस्तीचे फोटो काढणाऱ्यांना तोटा नाही. कुंडलच्या मैदानाला हजारो मोबाइल वर जातात आणि उन्हात बहुतेकांचे फोटो बरे येतात. खरी पंचाईत तालमीत होते. पहाटेची वेळ, भिंतीला दोन एलईडी पट्ट्या, खाली तांबडी माती आणि एका जागी न ठरणारी पोरं. तिथे मोबाइल नुसता उघडून बटण दाबलं की तीन गोष्टी हमखास बिघडतात. पैलवानाच्या हाताचा नुसता फराटा उरतो, एका फोटोत माती लाल तर पुढच्यात तपकिरी दिसते, आणि कधीकधी फोटोभर आडवे काळपट पट्टे उमटतात.

या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत आणि तिन्हींवर इलाज ‘प्रो’ मोडमध्येच आहे. सॅमसंग, शाओमी, विवो, वनप्लस अशा बहुतेक अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यात तो `Pro` या नावाने असतो. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात शटर हाताने लावता येत नाही, त्यासाठी वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं. पुढची पद्धत मात्र दोन्हीकडे तीच.

ऑटो तालमीत का फसतो

फोनच्या लेन्सचं छिद्र बहुतेक ठिकाणी कायमचं ठरलेलं असतं, ते लहानमोठं करता येत नाही. म्हणजे उजेड कमी पडला की फोनच्या हातात दोनच गोष्टी उरतात. एक तर शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, नाहीतर आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड फोनने किती वाढवून दाखवायचा तो आकडा, वाढवायचा. आयएसओ वाढला की फोटोत दाणे येतात, आणि दाणे गिऱ्हाइकाला आवडत नाहीत हे फोन बनवणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून ऑटो शक्यतो शटर लांबवतो. १/२५ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ शटर उघडं राहिलं तरी भिंतीवरची मारुतीरायाची तसबीर स्वच्छ येते. पैलवान मात्र तेवढ्या वेळात कुठल्या कुठे गेलेला असतो.

नाइट मोडने तर आणखी घोळ होतो. तो एकामागून एक बरेच फोटो घेऊन त्यांचा एक करतो. समोरचं हलत नसेल तर हे उत्तम आहे, पण कुस्तीत एकाला तीन हात आणि दुसऱ्याला अर्धं डोकं अशी चित्रं निघतात. तालमीत नाइट मोड बंदच ठेवा.

म्हणून ‘प्रो’मध्ये गेल्यावर क्रम पक्का ठेवायचा. आधी शटर, मग आयएसओ, शेवटी रंग. शटर किती हवं हे पैलवानाच्या हालचालीवर ठरतं, त्यात तडजोड नाही. आयएसओ म्हणजे त्या शटरची मोजावी लागणारी किंमत. रंग या दोघांवर अवलंबून नाही, तो एकदा लावला की तासभर बघावा लागत नाही.

शटर: डाव कुठला त्यावर वेग

समजा तुम्ही कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर उभे आहात आणि फोटोच्या रुंदीत साधारण चार मीटर जागा मावते आहे. बारा मेगापिक्सेलचा फोटो चार हजार ठिपके रुंद असतो. म्हणजे प्रत्यक्षातला एक मिलिमीटर बरोबर फोटोतला एक ठिपका, हिशेब सोपा झाला.

आता झटक्यात फिरणारा हात सेकंदाला तीन मीटर जातो असं धरू. १/१०० ला तो ३० मिलिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत ३० ठिपक्यांचा फराटा. १/२५० ला तो १२ ठिपक्यांवर येतो आणि १/५०० ला ६ वर. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर लहान होऊन हजारभर ठिपक्यांचा झाला की १/१०० चा फराटा सात-आठ ठिपक्यांचा राहतो आणि तो डोळ्यांना टोचतो. १/२५० चा तीनेक ठिपक्यांचा उरतो, तो खपून जातो. छापून भिंतीला लावायचा असेल तर गोष्ट निराळी.

पण कुस्तीत सगळंच सेकंदाला तीन मीटर जात नाही, आणि इथेच कुस्ती कळणाऱ्याचा फायदा होतो. सलामी झाल्यावर जोड समोरासमोर येते, हात हातात, मान मानेवर. ही खडाखडी चालू असताना दोघांचं बळ लागलेलं असतं पण शरीरं फारशी सरकत नाहीत. तिथे १/१०० पुरतं. जोर आणि बैठका काढणाऱ्यालाही पुरतं, कारण वर गेल्यावर आणि खाली आल्यावर क्षणभर थांबा असतोच. खालचा पैलवान माती धरून बसलाय आणि वरचा त्याला फिरवायला बघतोय, अशा वेळी तर १/५० लाही काम होतं. फोनची मुख्य लेन्स रुंद बघणारी असल्यामुळे १/५० ला हात हलल्याचा त्रास फारसा होत नाही, कोपर बरगडीला टेकवा म्हणजे झालं.

ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा या झटक्याच्या डावांचं तसं नाही. तिथे १/२५० च्या खाली जाऊ नका, उजेड असेल तर १/५०० लावा. कलाजंगात मात्र एक सवलत आहे. प्रतिस्पर्धी खांद्यावर पूर्ण उचलला गेला की खाली येण्याआधी वेग जवळजवळ संपतो. तो क्षण नेमका साधला तर १/१०० लाही चेहरे स्वच्छ येतात, फक्त हवेतल्या पायांना थोडा फराटा राहतो. मला तो आवडतो. सगळंच गोठवलं की पैलवान मातीत रोवलेल्या पुतळ्यांसारखे दिसतात.

दिशेचाही विचार करा. फोटोच्या आडवं जाणारं शरीर जास्त पुसटतं, तुमच्याकडे येणारं किंवा तुमच्यापासून लांब जाणारं कमी. जोड साधारण कोणत्या बाजूने रेटा देतेय हे दोन मिनिटं बघा आणि त्या रेषेच्या टोकाला जाऊन उभे राहा. शटरचा वेग न वाढवता फराटा निम्म्यावर येतो.

दिव्यांची लुकलुक आणि १/१०० ची गंमत

आता त्या काळपट पट्ट्यांकडे येऊ, कारण शटरचा आकडा फक्त पैलवानावर ठरत नाही, दिव्यावरही ठरतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला हे दिसत नाही. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटला ही लुकलुक असते आणि स्वस्त एलईडी पट्ट्यांना तर फारच असते. चांगल्या एलईडीच्या आत वीज सपाट करणारी जोडणी असते, तिथे ती जाणवत नाही. पिवळ्या जुन्या बल्बची तार तापलेलीच राहते, त्यामुळे त्याचाही त्रास नगण्य.

फोनचा सेन्सर अख्खा फोटो एका क्षणी घेत नाही, एकेक ओळ वाचत खाली येतो. शटर १/५०० ला असेल तर काही ओळींच्या वाट्याला दिवा उजळलेला येतो आणि काहींच्या वाट्याला विझत आलेला. म्हणून पट्टे दिसतात. शटर बरोबर १/१०० ला असेल तर प्रत्येक ओळीला एक पूर्ण उजळणं मिळतं आणि पट्टे गायब होतात. १/५० ला दोन उजळणी मिळतात, तेही चालतं. १/१२५ किंवा १/९० ला हिशेब थोडा चुकतो, पट्टे पुसट दिसतात. काही फोनच्या पट्टीवर १/१०० नसतोच, तेव्हा या दोनपैकी ज्याचे पट्टे कमी तो घ्या, किंवा खडाखडीपुरतं १/५० वर या.

तालमीत गेल्यावर पहिली चाचणी हीच करायची. शटर १/१००० वर न्या, आयएसओ पट्टीवर असेल तेवढा वाढवा आणि दिव्याजवळची पांढरी भिंत पडद्यावर धरा. चित्र काळपट दिसेल, ते राहू द्या. पट्टे सरकताना दिसले तर दिवे लुकलुकणारे आहेत, मग १/१०० आणि १/५० हेच तुमचे हक्काचे आकडे. पट्टे नसतील तर १/२५०, १/३२० जे हवं ते लावा. सगळे दिवे एकसारखे असतात असं नाही, म्हणून प्रत्येक दिव्याखालची भिंत बघून घ्या. हौद्याच्या एका अंगाला नवी चांगली पट्टी आणि दुसऱ्या अंगाला जुनी ट्यूब असा संसार बऱ्याच तालमींत असतो. मग वेगाचे डाव नव्या पट्टीच्या अंगालाच टिपायचे.

दिवे लुकलुकणारे आहेत आणि तरी ढाक टिपायचीच आहे, तर उजाडण्याची वाट बघा. खिडकीतून दिवसाचा उजेड आला की पट्ट्यांचा काळपटपणा त्यात बुडतो, आणि दिव्यापेक्षा तो उजेड जास्त झाला की १/२५० लाही ते ओळखू येत नाहीत. संगणकावर पट्टे काढता येतात असं काहीजण सांगतात. उघड्या अंगावरचे पट्टे काढून बघा, मग माझं पटेल.

आयएसओ: दाणे चालतील, फराटा नको

शटर ठरलं की आयएसओचा आकडा चित्र पुरेसं उजळ दिसेपर्यंत वाढवत न्यायचा. हिशेब सरळ आहे. शटरचा वेळ निम्मा केला की आयएसओ दुप्पट. १/१०० ला ८०० लागत असेल तर १/२०० ला १६००, १/२५० ला २०००, आणि १/५०० ला ४०००. बऱ्याच फोनवर हाताने लावायचा आयएसओ ३२०० ला संपतो, म्हणजे इथे १/५०० चा विषयच मिटला.

दाण्यांना लोक उगाच घाबरतात. ‘प्रो’ मोडमध्ये फोन सहसा एकच फोटो घेतो आणि त्यावर इस्त्री कमी फिरवतो, त्यामुळे ऑटोपेक्षा दाणे जास्त दिसतात. हे फोन बिघडल्याचं लक्षण नव्हे. मातीने माखलेल्या अंगावर १६०० चे दाणे मातीतच मिसळून जातात, भिंतीच्या सावलीत तेवढे दिसतात. फराटा मात्र कशातच मिसळत नाही आणि नंतर दुरुस्तही होत नाही.

जास्त वाईट चूक वेगळी आहे. आयएसओ मुद्दाम कमी ठेवायचा, फोटो काळोखा काढायचा आणि घरी येऊन उजळवायचा. साध्या फोटोत असं केलं की सावल्यांत हिरवे-जांभळे डाग उठतात. उजेड तिथेच पुरता घ्या.

पण किती म्हणजे पुरता? इथे पडदा फसवतो. अंधाऱ्या खोलीत फोनचा पडदा झगझगीत वाटतो आणि फोटो आहे त्यापेक्षा उजळ भासतो. पडद्याची चमक निम्म्यावर आणून एकाच जागी ठेवा, आपोआप बदलू देऊ नका. फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखाची, म्हणजे हिस्टोग्रामची, सोय असेल तर तो लावा. नसेल तर एक फोटो काढून मोठा करा आणि दोन जागा बघा. पहिली, घामाने चमकणारा खांदा. तिथे कातडीचा रंग जाऊन नुसता पांढरा डाग उरला असेल तर आयएसओ एक पायरी खाली घ्या. दुसरी, भुवईखालची डोळ्याची खोबण. तिथे डोळा दिसायला हवा. डोळे दिसत नसतील आणि खांदा ठीक असेल तर आयएसओ वाढवून उपयोग नाही, दिवा डोक्यावर आहे, तुम्हीच जागा बदला.

चौकटीत दिवा आला तर तो पांढरा फटक जाणारच, त्याची फिकीर करू नका. पण त्याच्याभोवती धुरकट वलय दिसलं तर लेन्स पुसा. तालमीची माती बारीक असते, तिच्यात तेल, ताक, हळद मुरलेली असते, आणि ती बोटांवरून लेन्सवर कधी जाते कळत नाही. सुती रुमाल खिशात असू द्या.

रंग: तांबडी माती फोनला गोंधळात टाकते

रंगाचा समतोल, म्हणजे पडद्यावरचा `WB`, ऑटोवर असला की फोन अख्ख्या चित्राची सरासरी बघून पांढरं काय असावं याचा अंदाज करतो. तालमीत अर्धी चौकट तांबड्या मातीने भरलेली. फोनला वाटतं की उजेडच तांबूस आहे, मग तो निळं वाढवतो. परिणामी माती शेणकाल्यासारखी होते आणि पैलवान आजारातून उठल्यासारखे फिके दिसतात. पुढच्या फोटोत चुन्याची भिंत जास्त आली की अंदाज बदलतो. एकाच कुस्तीचे चार फोटो चार तालमींतले वाटावेत, ते यामुळे.

म्हणून `WB` हाताने लावायचा. त्याची पट्टी `K` या खुणेने असते, साधारण २३०० पासून १०००० पर्यंत. आकड्याचा अर्थ असा की दिव्याचा रंग तुम्ही फोनला सांगताय. पिवळा बल्ब २७०० ते ३००० च्या आसपास, आपल्याकडे सर्रास मिळणारी पांढरी एलईडी ६५०० च्या आसपास. खऱ्या दिव्यापेक्षा आकडा मोठा लावला तर फोटो पिवळा होतो, लहान लावला तर निळा. सुरुवातीला हे उलटं वाटतं, पट्टी दोनदा इकडून तिकडे फिरवली की हाताला बसतं.

खोक्यावर ६५०० लिहिलंय म्हणून तोच आकडा लावून मोकळं होऊ नका. दिव्याचा उजेड मातीवर आपटून वर येतो आणि येताना तांबूस होतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा खाली येतो. साधा कोरा कागद घ्या. आखीव किंवा पिवळसर नको. ज्या दिव्याखाली कुस्ती होणार तिथे कुणाला तरी तो छातीशी उभा धरायला सांगा, अंगाची सावली त्याच्यावर पडू न देता. फोटो काढा, मोठा करा, कागद पिवळट दिसला तर आकडा कमी करा, निळसर दिसला तर वाढवा. तीन-चार फेऱ्यांत जमतं. नुसतं पडद्याकडे बघत पट्टी फिरवू नका, कारण तुमच्या डोळ्यांनी तालमीतला रंग आधीच पांढरा मानलेला असतो. काढलेला फोटो दारापाशी, तालमीच्या उजेडाबाहेर नेऊन बघितला तर फरक लगेच कळतो.

एक अडचण या पट्टीने सुटत नाही. स्वस्त एलईडी आणि जुन्या ट्यूबच्या उजेडात हिरवट झाक असते. `K` ची पट्टी फक्त निळं आणि पिवळं हलवते, हिरवं तसंच राहतं. काही फोनवर रंगछटेची वेगळी पट्टी असते, तिथे ते काढा. नसेल तर फोटो `RAW` मध्येही, म्हणजे फोनने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या रूपातही, साठवायची सोय चालू ठेवा. फाइल मोठी होते, पण नंतर कागदाच्या फोटोवरून हिरवं बाजूला काढता येतं आणि तीच दुरुस्ती बाकी सगळ्या फोटोंना लावता येते.

एक पहाट, पायरीपायरीने

हिंदकेसरी मारुती माने यांच्या कवठेपिरानपासून कृष्णाकाठच्या कुठल्याही गावापर्यंत तालमीची मांडणी फार वेगळी नसते. मधे हौदा, दोन भिंतींना एकेक एलईडी पट्टी, मारुतीरायापुढे पिवळा दिवा, पूर्वेला एक खिडकी. आपण पाचच्या सुमाराला पोचलो असं धरू.

चपला बाहेर, आणि आधी वस्तादांना विचारणं. “वस्ताद, पोरांचे चार फोटो काढू का?” बहुधा उत्तर येतं, “काढा की, पण ते लायटिंग मारू नका, पोराच्या डोळ्यांत जातंय.” त्यांचं बरोबर आहे. शिवाय चार मीटरवर फोनच्या दिव्याचा उपयोग नगण्यच असतो. लहान पोरांचे फोटो कुठे टाकणार हेही तेव्हाच सांगून टाका.

मग भिंतीची चाचणी. १/१००० ला डावीकडच्या पट्टीखाली पट्टे सरकतात, उजवीकडच्या पट्टीखाली काही नाही. म्हणजे उजवी बाजू आपली.

शटर १/१००. उजव्या पट्टीखाली एक पोरगा जोर काढतोय, त्याच्यावर आयएसओ ८०० ला चित्र नीट येतं. त्याच शटरला हौद्याच्या लांबच्या कोपऱ्यात बघितलं तर ३२०० लागतो. म्हणजे कोपऱ्यात उजेड चौथा हिस्सा आहे. हा फरक डोळ्याला अजिबात जाणवत नाही, आणि याच कारणाने लोक कोपऱ्यातल्या कुस्तीमागे फोन घेऊन धावतात आणि काळे फोटो घेऊन येतात. जोड दिव्याखाली येईपर्यंत थांबायचं. कुस्ती हौदाभर फिरते, ती येतेच.

कागदाचा फोटो. ६५०० ला कागद किंचित पिवळा, ५००० ला निळसर, ५६०० ला ठीक. तिथे सोडून दिला. मारुतीरायापुढचा पिवळा दिवा या आकड्याला नारिंगी दिसतो, तो तसाच छान आहे. त्याच्यासाठी आकडा खाली आणला तर पैलवान निळे पडतील. पैलवानाच्या अंगावर जो उजेड आहे त्याचाच आकडा लावायचा, बाकीचे दिवे आपल्या रंगात राहू द्यायचे.

आता फोकस. हलत्या जोडीवर ऑटो फोकस अंधारात मागेपुढे होत राहतो आणि बटण दाबल्यावर उशीर होतो. हौद्याच्या मधोमध, आपल्यापासून चारेक मीटरवर बसलेल्या कुणावर तरी फोकस धरा आणि `MF`, म्हणजे हाताने लावायच्या फोकसमध्ये, तो तिथेच रोवा. मुख्य लेन्सची खोली मोठी असते. चार मीटरवर रोवलेल्या फोकसमध्ये साधारण अडीच-तीन मीटरपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत सगळं चालण्यासारखं येतं. दोनपट-तीनपट जवळ आणणारी दुसरी लेन्स मात्र इथे वापरू नका. तिचं छिद्र लहान, सेन्सर लहान, तालमीत ती आंधळी होते. जवळ हवं असेल तर दोन पावलं पुढे जा, काठ ओलांडू नका.

खडाखडी सुरू होते. १/१००, ८००, ५६००. दोघांचे चेहरे दिव्याकडे वळतील तेव्हाच बटण. ‘प्रो’मध्ये बऱ्याच फोनवर एकामागून एक धडाधड फोटो घेता येत नाहीत, त्यामुळे डाव ओळखता येणं महत्त्वाचं. एकाने मनगट धरून खांदा खाली घातला की पुढे काय येतंय हे तालमीत बसणाऱ्या कुणालाही कळतं. खांदा खाली जातानाच बोट दाबायला लागा, वर उचलल्यावर दाबलं तर जमिनीवर पडलेला पैलवान मिळतो.

वेगाचे डाव सुरू झाले की १/२५० आणि आयएसओ २०००. उजव्या पट्टीखाली पट्टे नाहीत हे आधी पाहिलंय, म्हणून हे धाडस. दोन-तीन फोटो मोठे करून हाताची बोटं बघा. बोटं सुटी दिसली की शटर बरोबर आहे. बोटं एकमेकांत मिसळली पण मागची भिंत स्वच्छ आहे, तर पैलवान वेगात होता, शटर वाढवा. भिंतही हललेली असेल तर तुमचा हात हललाय. भिंत स्वच्छ, बोटं नाहीत, आणि स्थिर बसलेला पैलवानही पुसट असेल तर फोकस सरकलाय. आकडे बदलायच्या आधी हे ओळखा, नाहीतर माणूस उगाच आयएसओ वाढवत बसतो.

साडेसहाच्या सुमाराला खिडकी उजळते. चित्र हळूहळू पांढरं पडायला लागतं. आता मोह होतो तो आयएसओ कमी करायचा. आधी शटर वाढवा. १/२५० वरून १/४००, १/५००, आयएसओ तसाच. कुस्तीला उजेडाची पहिली गरज तिथे आहे. शटर १/५०० ला पोचल्यावर मग आयएसओ खाली आणा. खिडकीकडच्या अंगावर निळसर कड येईल, कारण सूर्य वर येण्याआधी आभाळाचा उजेड दिव्यापेक्षा निळा असतो. ती कड मी कधी काढत नाही, पहाट त्यातच कळते. ऊन आत येऊन दिवे बंद झाले की मात्र कागद पुन्हा धरा, ५६०० चा तो आकडा संपला.

आकडे लिहून ठेवायची सवय लावा. तीच तालीम, तेच दिवे, तीच वेळ, तर पुढच्या वेळी चाचणीला दोन मिनिटं पुरतात. दिवा बदलला असेल तर भिंत पुन्हा बघायची.

हातात कॅमेरा असेल तर

साधा कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची १.८ छिद्राची लेन्स असेल तर क्रम आणि हिशेब हाच. सेन्सर मोठा असल्याने ३२०० किंवा ६४०० ला बिनधास्त जाता येतं, म्हणजे फोनला न जमणारं १/५०० कॅमेऱ्याला जमतं. बदल्यात फोकसची खोली फार कमी मिळते, त्यामुळे फोनसारखा फोकस रोवून चालत नाही. सतत मागोवा घेणारा ऑटो फोकस लावा आणि त्याचा चौकोन पुढच्या पैलवानाच्या चेहऱ्यावर ठेवा. लुकलुक टाळणारी सोय बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांच्या मेनूत असते. ती चालू केली की कॅमेरा दिवा पूर्ण उजळल्याच्या क्षणालाच शटर सोडतो. त्यामुळे १/५०० लाही फोटो सारखे उजळ येतात, फक्त बटण आणि फोटो यांत बारीकसा उशीर पडतो. घिस्स्यासारख्या झटक्याच्या डावाला तेवढं आधी दाबायचं.